आउटेजनंतर ठरलेली कामे शेवटास कशी न्यावीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आढावा बैठक चांगली होते, अहवालही नेटका लिहिला जातो, त्यात चार-पाच अ‍ॅक्शन आयटम नोंदवले जातात, आणि काही महिन्यांनी तोच आउटेज पुन्हा समोर येतो. असे का होते आणि ते कसे टाळावे, या आशयाचे जे प्रश्न सातत्याने येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

सर्व उत्तरे एकाच काल्पनिक उदाहरणाला धरून आहेत. एका पेमेंट सेवेच्या अंतर्गत टीएलएस सर्टिफिकेटची मुदत १२ जानेवारीला संपली आणि तिला जोडणाऱ्या इतर सेवांनी जोडणी नाकारायला सुरुवात केली. ऑनकॉल अभियंत्याने अंतर्गत सर्टिफिकेट प्राधिकरणाकडून नवे सर्टिफिकेट काढून ते हाताने बसवले आणि सेवा पूर्ववत झाली. हे नवे सर्टिफिकेट ९० दिवसांचे आहे.

१. बैठकीत बोललेल्या कोणत्या गोष्टीला अ‍ॅक्शन आयटम म्हणावे?

ज्या वाक्यावरून काम पूर्ण झाले की नाही, हे बैठकीत नसलेल्या माणसालाही तपासून सांगता येईल, त्यालाच अ‍ॅक्शन आयटम म्हणावे. "सर्टिफिकेटचे मॉनिटरिंग सुधारणे" हे वाक्य या कसोटीला उतरत नाही, कारण सुधारणा कधी पुरी झाली हे कोणीच ठरवू शकत नाही. तेच काम "पेमेंट सेवेच्या सर्टिफिकेटची मुदत २१ दिवसांपेक्षा कमी उरली की ऑनकॉलच्या फोनवर अलर्ट आला पाहिजे" असे लिहिले, तर ते तपासता येते. "यापुढे काळजी घेणे", "सर्वांना आठवण करून देणे" अशी वाक्ये नोंदवूच नयेत. ती यादीत राहिली की यादी भरल्यासारखी दिसते, पण यंत्रणेत काहीही बदललेले नसते.

२. जबाबदारी टीमच्या नावावर ठेवली तर काय बिघडते?

टीमच्या नावावरचे काम टीममधला प्रत्येक जण दुसऱ्याचे समजतो, आणि पाठपुरावा करणाऱ्यालाही नेमके कोणाला विचारावे हे कळत नाही. म्हणून प्रत्येक कामापुढे एकाच व्यक्तीचे नाव असावे. काम प्रत्यक्ष तिनेच करायला हवे असे नाही. ते होईल हे पाहणे आणि अडले तर वेळेत सांगणे ही तिची जबाबदारी.

नाव निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, त्या व्यक्तीला संबंधित यंत्रणेत बदल करण्याचा अधिकार आहे का. आमच्या उदाहरणात रात्री सर्टिफिकेट बदलणारा ऑनकॉल अभियंता उत्साहाने नाव देईल, पण नूतनीकरणाची व्यवस्था प्लॅटफॉर्म टीमच्या ताब्यात असेल, तर तो केवळ निरोप पोहोचवणारा ठरतो. दुसरी, ती व्यक्ती बैठकीत हजर होती का, आणि नसल्यास तिने नंतर होकार दिला आहे का. गैरहजर माणसाच्या नावावर टाकलेले काम बहुतेक वेळा त्याला पहिल्या आठवणीच्या संदेशातूनच कळते, आणि तोवर निम्मी मुदत गेलेली असते.

३. मुदत कशी ठरवावी? आम्ही सगळ्या कामांना सरसकट दोन आठवडे किंवा "या तिमाहीत" असे लिहितो.

आमच्या मते सर्वाधिक कामे इथेच फसतात. मुदत टीमच्या सोयीवरून नव्हे, तर तोच बिघाड लवकरात लवकर पुन्हा कधी होऊ शकतो यावरून ठरवावी आणि तिथून मागे मोजत यावे.

आमच्या उदाहरणात ही तारीख अचूक ठाऊक आहे. १२ जानेवारीला बसवलेले ९० दिवसांचे सर्टिफिकेट १२ एप्रिलला संपेल. काहीच केले नाही, तर आउटेज त्या दिवशी परत येईल. स्वयंचलित नूतनीकरण मुदतीच्या ३० दिवस आधी होणार असेल, तर पहिले खरे नूतनीकरण १३ मार्चला व्हायला हवे. म्हणजे ती व्यवस्था त्याआधी, समजा ६ मार्चपर्यंत, चालू झालेली असली पाहिजे. असे केले तर पहिले नूतनीकरण फसले, तरी दुरुस्तीला जवळजवळ महिना उरतो. याउलट "पहिल्या तिमाहीत" असे लिहिले असते, तर ३१ मार्चला पूर्ण झालेले काम कागदावर वेळेत झाले असते. पण तपासायला अवघे १२ दिवस उरले असते.

अलर्टचे काम मात्र ६ मार्चपर्यंत थांबवू नये. ते छोटे आहे, आणि मधल्या काळात दुसरे एखादे सर्टिफिकेट संपत आले असेल तर तेच उपयोगी पडते. म्हणून त्याची मुदत त्याच आठवड्यातली, १६ जानेवारी. सर्व अंतर्गत सर्टिफिकेटांची यादी करण्याचे काम ३० जानेवारीपर्यंत ठेवावे, कारण या यादीशिवाय स्वयंचलित व्यवस्था कुठे कुठे लावायची हेच समजणार नाही.

प्रत्येक बिघाडाला अशी पक्की तारीख नसते. डिस्क भरल्याने सेवा बंद पडली असेल, तर रोज किती जागा व्यापली जाते यावरून अंदाज बांधता येतो. गर्दीच्या भारामुळे पडली असेल, तर पुढचा गर्दीचा दिवस धरावा. कोणत्याही क्षणी परतू शकेल असा बिघाड असल्यास मोठ्या कामाला मुदत देण्याआधी एखादा तात्पुरता अटकाव त्याच आठवड्यात पुरा करावा.

४. एका आउटेजमागे किती कामे असावीत?

आमच्या उदाहरणात तीन पुरतात: अलर्ट, यादी आणि स्वयंचलित नूतनीकरण. दहा-बारा निघाली, तर त्यांतली कोणती न केल्यास हाच आउटेज परत येईल, हे प्रत्येक कामाबाबत विचारावे. उरलेली चांगली कामे नेहमीच्या कामांच्या यादीत जाऊ द्यावीत. त्यांच्यावर आउटेजची खूण लावू नये.

५. ही कामे आढाव्याच्या दस्तऐवजात ठेवावीत की तिकीट काढावे?

टीम ज्या ठिकाणी रोजची कामे पाहते, तिथेच तिकीट काढावे, त्याला आउटेजचे लेबल लावावे आणि आढाव्याच्या दस्तऐवजात फक्त त्याचा दुवा द्यावा. दस्तऐवज बैठकीनंतर सहसा कोणी उघडत नाही. आउटेजच्या कामांसाठी वेगळा तक्ता ठेवणेही टाळावे, कारण तिथली कामे टीमच्या आठवड्याच्या नियोजनात कधी येतच नाहीत.

६. काम "पूर्ण" केव्हा मानावे? कोड मर्ज झाला की तिकीट बंद करायचे ना?

नाही. कोड मर्ज झाल्याने बदल लिहून झाला एवढेच सिद्ध होते. ज्या परिस्थितीत आउटेज झाला, ती परिस्थिती आता निभावते हे पाहिल्यावरच तिकीट बंद करावे, आणि ते पाहिल्याचा पुरावा तिकिटात जोडावा. शक्य असल्यास ही तपासणी काम करणाऱ्याव्यतिरिक्त दुसऱ्या व्यक्तीने करावी.

स्वयंचलित नूतनीकरणाच्या बाबतीत एक नेहमीचा सापळा आहे. नवे सर्टिफिकेट डिस्कवर लिहिले जाते, पण चालू असलेल्या प्रक्रियेने जुने सर्टिफिकेट सुरू होतानाच स्मृतीत घेतलेले असते. रीलोड केल्याशिवाय ती जुनेच देत राहते. म्हणून फाइल पाहून समाधान मानू नये. फाइलमधले आणि सेवा प्रत्यक्षात देते ते, अशी दोन्ही सर्टिफिकेटे पाहावीत:

```
openssl x509 -in /etc/ssl/payments.crt -noout -serial -enddate

openssl s_client -connect payments.internal:443 \
  -servername payments.internal </dev/null 2>/dev/null \
  | openssl x509 -noout -serial -enddate
```

दोन्हीकडे अनुक्रमांक आणि अंतिम तारीख एकच असेल, तर रीलोड झाला आहे. वेगळे आले, तर नूतनीकरण झाले पण सेवेपर्यंत पोहोचले नाही, आणि आउटेज फक्त पुढे ढकलला गेला आहे. सेवा लोड बॅलन्सरमागे अनेक सर्व्हरांवर चालत असेल, तर दुसरी आज्ञा प्रत्येक सर्व्हरच्या पत्त्यावर स्वतंत्रपणे चालवावी. चारांपैकी एकाच सर्व्हरवर रीलोड राहून गेला, तर साधारण दर चौथी जोडणी फसते, आणि असा अर्धवट बिघाड ओळखायला पूर्ण आउटेजपेक्षा जास्त वेळ लागतो.

या हिशेबाने आमच्या उदाहरणातले नूतनीकरणाचे तिकीट ६ मार्चला बंद होत नाही. त्या दिवशी त्याची स्थिती "चालू केले, पडताळणी बाकी" अशी होते, आणि १३ मार्चचे पहिले खरे नूतनीकरण सर्व सर्व्हरांवर दिसल्यावर ते बंद होते. अशी मधली स्थिती आपल्या तिकीट व्यवस्थेत नसल्यास ती जोडून घ्यावी.

७. आम्ही अलर्ट लावला आहे. मग स्वयंचलित नूतनीकरण कशाला हवे?

अलर्टने बिघाड टळत नाही. तो माणसाला सांगतो आणि पुढचे माणसावर सोडतो. शिवाय सर्टिफिकेटांची मुदत आखूड होत चालली आहे. सार्वजनिक वेबसाठीच्या सर्टिफिकेटांची कमाल मुदत ३९८ दिवस होती. सीए/ब्राउझर फोरमच्या निर्णयानुसार ती १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस अशी उतरत जाते. खासगी प्राधिकरणाला हा नियम लागू नाही, पण वर्षातून एकदा हाताने होणारे काम दर दीड महिन्याने हाताने होत राहील, अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

तरीही अलर्ट हवाच, कारण स्वयंचलित व्यवस्था गुपचूप बंद पडू शकते. तो लावताना दोन चुका वारंवार दिसतात. पहिली चूक उंबरठ्याची: नूतनीकरण ३० दिवस आधी होत असेल आणि अलर्टही ३० दिवसांवर असेल, तर काही बिघडले नसतानाही तो वाजत राहतो आणि लोक त्याकडे दुर्लक्ष करायला शिकतात. उंबरठा नूतनीकरणाच्या दिवसापेक्षा कमी, जसे २१ दिवस, असावा. मग अलर्ट आला याचा अर्थ नूतनीकरण नऊ दिवसांपासून फसते आहे असा स्पष्ट होतो. दुसरी चूक मौनाची. प्रोमेथियसच्या ब्लॅकबॉक्स एक्सपोर्टरने हा अलर्ट असा लिहिता येतो:

```
- alert: CertExpiringSoon
  expr: probe_ssl_earliest_cert_expiry - time() < 21 * 86400
  for: 1h
```

तपासणी करणारा प्रोब सेवेपर्यंत पोहोचलाच नाही, तर हा आकडा मिळत नाही. आकडा नसला की अट कधीच खरी होत नाही आणि सगळे शांत दिसते. म्हणून `probe_success == 0` यावरही अलर्ट असावा, आणि प्रोबच बंद पडला तर कळावे म्हणून `absent()` वापरून तिसरा. पडताळणीसाठी पाच दिवसांचे सर्टिफिकेट असलेले चाचणीचे एक ठिकाण प्रोबला द्यावे आणि संदेश खरोखर ऑनकॉलच्या फोनवर पोहोचतो का हे पाहावे. चॅटच्या एखाद्या गटात पोहोचला, तर अलर्टचे काम पूर्ण झालेले नाही.

८. पाठपुरावा कोणी आणि किती वेळा करावा?

काम करणारा आणि पाठपुरावा करणारा वेगळे असावेत. बहुतेक ठिकाणी सेवेच्या विश्वसनीयतेची जबाबदारी असलेली एक व्यक्ती आठवड्यातून एकदा सर्व आउटेजची उघडी कामे मुदतीच्या क्रमाने पाहते, आणि तेवढे पुरते. "कुठवर आले?" या प्रश्नाला "चालू आहे" हेच उत्तर मिळते, म्हणून तो विचारू नये. "या आठवड्यात काय बदलले, आणि दिलेली तारीख अजून खरी वाटते का?" असे विचारावे. सलग दोन आठवडे पहिल्या भागाचे उत्तर "काही नाही" असे आले, तर मुदत उलटण्याची वाट न पाहता ते काम त्या टीमच्या व्यवस्थापकापुढे न्यावे.

९. मुदत उलटली तर काय करावे? नवी तारीख टाकणे चालते का?

चालते, पण नवी तारीख देताना बिघाड परतण्याच्या तारखेपर्यंत (प्रश्न ३) किती दिवस उरतात हे तिकिटात लिहावे. ६ मार्चची तारीख १० मार्चवर गेली, तर फारसे बिघडत नाही. १३ मार्चच्या आधीच आहे. ती २५ मार्चवर गेली, तर पहिले नूतनीकरण आता नव्या व्यवस्थेत उशिराने होणार, चुकांना १८ दिवसच उरणार, आणि त्यातच २२ मार्चला अलर्ट वाजणार; म्हणजे हाताने नूतनीकरण करण्याचे एक वेगळे काम, वेगळ्या नावासह आणि तारखेसह, आजच काढावे लागते. पहिली मुदतवाढ कामाच्या मालकाने स्वतः घ्यावी. दुसरी मात्र त्याच्या व्यवस्थापकाच्या होकाराशिवाय मिळू नये. जुनी तारीख पुसू नये. किती वेळा ती सरकली, हे पुढच्या वाचकाला दिसले पाहिजे.

१०. कामाच्या मालकाने टीम बदलली किंवा नोकरी सोडली तर?

काम आपोआप व्यवस्थापकाच्या नावावर जावे आणि त्याने एका आठवड्यात नवे नाव द्यावे. नवी व्यक्ती होकार देईपर्यंत व्यवस्थापकच मालक राहतो. टीम सोडताना भरल्या जाणाऱ्या यादीत आउटेजच्या उघड्या कामांची एक ओळ ठेवली, तर ही अडचण बहुतांशी येत नाही.

११. दुरुस्ती बाहेरच्या पुरवठादाराच्या हातात असेल तर आम्ही काय नोंदवावे?

पुरवठादाराचे काम आपल्या माणसाच्या नावावर नोंदवता येत नाही. पण त्याच्याकडून ते होईपर्यंत आपण काय करणार, हे नोंदवता येते आणि नोंदवावेच. ६ डिसेंबर २०१८ रोजी ब्रिटनमधील ओटू आणि जपानमधील सॉफ्टबँक यांच्या ग्राहकांची मोबाइल सेवा खंडित झाली, तेव्हा एरिक्सनने त्यामागे आपल्या सॉफ्टवेअरमधील मुदत संपलेले सर्टिफिकेट असल्याचे सांगितले. अशी पुरवठादाराच्या उत्पादनात दडलेली सर्टिफिकेटे आपल्या यादीत सहसा नसतात. तेव्हा आपल्या बाजूची कामे अशी असू शकतात: त्या उत्पादनातील सर्व सर्टिफिकेटांच्या अंतिम तारखा पुरवठादाराकडून लेखी मिळवणे, त्या आपल्या अलर्टमध्ये घालणे, आणि उत्तर न आल्यास करार सांभाळणाऱ्याकडे ते कोणत्या तारखेला जाईल हे आधीच ठरवणे.

पुरवठादार आठवण करून देईल यावर मात्र कोणतेही काम बंद करू नये. लेट्स एन्क्रिप्टने मुदत संपत आल्याची ईमेल पाठवणे जून २०२५ मध्ये थांबवले. ज्यांचा एकमेव इशारा ती ईमेल होती, त्यांचा इशाराच गेला.

१२. "नवा प्लॅटफॉर्म येतोच आहे, त्यात हे सुटेल" असे सांगून काम बंद केले जाते. हे मान्य करावे का?

नवा प्लॅटफॉर्म १२ एप्रिलच्या आधी येणार असेल आणि पेमेंट सेवा पहिल्याच टप्प्यात त्यावर जाणार असेल, तर मान्य करावे. अन्यथा काम उघडेच ठेवावे, त्याला त्या प्रकल्पातील नेमक्या टप्प्याशी जोडावे आणि मधल्या काळासाठी तात्पुरता उपाय वेगळा नोंदवावा. मोठ्या प्रकल्पात विलीन झालेल्या छोट्या कामाला स्वतःची तारीख उरत नाही, हा यातला खरा धोका आहे. प्रकल्प सहा महिने लांबला, तर ते कामही कोणाच्या लक्षात न येता लांबते.

१३. एखादे काम करायचेच नाही, असे ठरवता येते का?

येते, आणि वर्षभर उघडे ठेवण्यापेक्षा ते बरे. मात्र तसे ठरवणाऱ्याचे नाव, कारण आणि फेरविचाराची तारीख लिहावी. समजा यादीत एक जुनी अहवाल सेवा सापडली, जी स्वयंचलित नूतनीकरणाला जुळत नाही आणि सहा महिन्यांत बंद होणार आहे. तिच्यासाठी "हाताने नूतनीकरण करत राहू" हा निर्णय योग्य आहे. पण तिची अंतिम तारीख अलर्टमध्ये असली पाहिजे, आणि सेवा सहा महिन्यांनी खरोखर बंद झाली का हे पाहणारे कोणीतरी हवे. हा धोका स्वीकारण्याचा अधिकार सेवेचा परिणाम ज्याला भोगावा लागतो त्याच्याकडे असावा, काम टाळू पाहणाऱ्याकडे नव्हे.

१४. सर्व कामे वेळेत बंद झाली होती, तरीही तोच आउटेज परत आला. आता काय?

आधी तो खरोखर तोच आहे का हे पाहावे. सर्टिफिकेट पुन्हा संपले एवढ्यावरून कारण एकच ठरत नाही, म्हणून जुनी तिकिटे समोर ठेवून एकेक काम तपासावे. पेमेंट सेवेचेच सर्टिफिकेट संपले असेल, तर प्रश्न ६ मधल्या दोन आज्ञांनी फाइल आणि चालू सेवा यांची तुलना करावी; फाइल नवी आणि सेवा जुनी निघाली, तर नूतनीकरणाचे तिकीट पडताळणीशिवाय बंद झाले होते. दुसऱ्याच सेवेचे सर्टिफिकेट संपले असेल, तर ते यादीत होते का हे पाहावे. यादीत नसल्यास यादी कशी बनवली हे शोधावे: लोकांना विचारून बनवलेल्या यादीत विसरलेल्या सेवा येत नाहीत, त्यामुळे नवे काम प्राधिकरणाने दिलेल्या सर्टिफिकेटांच्या नोंदीवरून यादी तयार करण्याचे असेल. सेवेचे सर्टिफिकेट चालू असून ज्याने त्यावर सही केली ते मधले सर्टिफिकेट संपले असेल, तर हे वेगळे कारण आहे आणि त्यासाठी वेगळे काम हवे.

जुने तिकीट पुन्हा उघडू नये. नवे काढून त्याला जुने जोडावे, आणि जुन्यात काय निसटले ते एका वाक्यात लिहावे, म्हणजे पडताळणीची कोणती अट अपुरी होती हे पुढच्या आढाव्यात शोधत बसावे लागत नाही.